माऊच्या वाटणीचे दहा टक्के

आमच्या मांजरीनं खिडकीत उडी मारणं कधी थांबवलं, ते मला नक्की सांगता येणार नाही. पप्पांच्या लक्षात आलं तेव्हा आमच्या लक्षात आलं. पप्पा मुलुंडच्या एका टॉवरला रात्रपाळीचे वॉचमन आहेत. सकाळी आठला घरी येतात, हातपाय धुतात आणि खिडकीपाशी बसून जेवतात. माऊ त्या वेळी त्यांच्या डोक्याच्या वर, खिडकीच्या कट्ट्यावर बसलेली असायची. आम्ही कांजूरमार्गला सातव्या मजल्यावर राहतो. त्या कट्ट्यावरून लांबपर्यंत मिठागरं दिसतात.

"आज वर नाही आली," एक दिवस पप्पा म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला उचलून कट्ट्यावर ठेवलं आणि मग बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. "जड झालीये गं," ते म्हणाले.

पप्पा फार बोलत नाहीत. रात्रभर गेटवर लोकांना नमस्कार करून त्यांचे शब्द संपत असावेत, असं मला लहानपणी वाटायचं. माऊशी मात्र ते बोलायचे. जेवताना उकडलेल्या अंड्यातला अर्धा पिवळा बलक तिचा असायचा. तिनं तो त्यांच्या बोटांवरून चाटून घेतला की त्यांचा दिवस संपायचा आणि ते झोपायचे.

मी घरातली पहिली कॉलेजला जाणारी. हे सांगताना मला थोडं अवघडल्यासारखं होतं, पण पुढचं सगळं त्यामुळेच घडलं. आमच्या घरात, खरं तर आमच्या अख्ख्या मजल्यावर, काहीही इंग्रजीत छापलेलं आलं की ते माझ्याकडे येतं. लाइट बिल, औषधाची चिठ्ठी, शाळेचा फॉर्म. मला सगळं समजतं असं नाही. पण "समजलं नाही" असं म्हणायला मला अजून जमत नाही.

म्हणून माऊला भांडुपच्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. आईची भाजीची पिशवी, आत टॉवेल, त्यात माऊ. डॉक्टर मॅडम चाळिशीच्या असतील. बोलायला शांत. त्यांनी माऊला वजनकाट्यावर ठेवलं. सहा किलो चारशे ग्रॅम. मग त्यांनी दोन्ही हात तिच्या बरगड्यांवरून असे फिरवले, जसं कुणी अंधारात भिंतीवर बटण शोधावं.

"बघ, हात लाव इथे," त्या म्हणाल्या. "बरगडी लागते का?"

नाही लागली. मऊ, मऊ आणि मऊ.

"हिच्या अंगकाठीला साडेचार किलो पुष्कळ झालं. पाठ चाटते का?"

मी आठवून बघितलं. शेपटीच्या वरचे तिचे केस गेल्या काही महिन्यांत चिकटून गुठळ्या झाले होते. मला वाटलं होतं, म्हातारी होतेय.

"वय कुठे? सहा वर्षांची तर आहे. मान वळवून तिथपर्यंत पोचतच नाही ती. हे असंच राहिलं तर सांधे जातात, साखर होऊ शकते. काय खाते?"

"दुकानातलं कोरडं खाणं. वाटीभर."

"आणि वरचं?"

"वरचं काही नाही. पप्पा थोडंसं अंडं देतात."

मॅडम हसल्या. "या रविवारी एक काम कर. दिवसभर तिच्या मागे राहा. तोंडात जे जे जाईल ते लिही. कुणी दिलं, किती दिलं. कुणाला थांबवू नकोस, फक्त लिही."

तो रविवार मी आयुष्यात विसरणार नाही. आमच्या मजल्यावर आठ दारं आहेत आणि दिवसभर ती उघडी असतात. मी पॅसेजमध्ये प्लास्टिकचं स्टूल टाकून, मांडीवर वही घेऊन बसले. आईनं विचारलं, "जनगणना आहे का?" मी म्हटलं, "मांजरगणना."

सकाळी साडेसातला माऊ पहिल्या दारात गेली. तिथे तिच्यासाठी अर्धी वाटी दूध ठेवलेलं होतं, म्हशीचं, साय असलेलं. ती थांबली नाही, म्याव केलं नाही, सरळ प्याली आणि निघाली. आठला पप्पा आले, तेव्हा ती घरी हजर. अर्धा बलक. साडेनऊला समोरच्या घरातल्या मुलीनं नाश्ता करता करता उरलेला अर्धा चीज क्यूब दिला. अकराला आणखी तीन दारांतून तूप लावलेल्या चपातीचा एकेक तुकडा, आणि तोही तिनं अगदी मालकिणीसारखा खाल्ला. दुपारी शेवटच्या दारातल्या मालवणी काकूंकडे बांगडा तळला होता. काकू कोकणातल्या. त्यांचे सासरे गिरणीत होते म्हणून त्या मुंबईत आल्या. संध्याकाळी पाचव्या घरातल्या ताईनं मांजरांसाठी मिळतात त्या बिस्किटांची मूठ ओतली. मी मोजली, वीस होती.

आणि प्रत्येक घर मला एकच सांगत होतं. "आम्ही तेवढंच देतो गं. बिचारी दुसरीकडे कुठे खाते?"

काकूंना मी विचारलं तेव्हा त्या तव्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "गो बाय, मी कितीसा दितंय तिका? एवढोसो तुकडो." आणि बोटानं दाखवलेला तो एवढोसो तुकडा माऊच्या डोक्याएवढा होता.

मला आश्चर्य वाटलं ते खाण्याचं नाही. तिला आमच्या मजल्यावरच्या प्रत्येक घराची वेळ ठाऊक होती. कोण कधी उठतं, कुणाकडे कधी तवा चढतो. आम्ही एकोणीस वर्षं इथे राहतो आणि शेजारी दुपारी काय करतात ते मला माहीत नव्हतं. तिला माहीत होतं. एवढ्या आठ घरांचं प्रेम रोज, न चुकता, तिच्या एका छोट्या पोटात जात होतं आणि कुणालाच ते दिसत नव्हतं. कारण प्रत्येकाला फक्त आपलाच एक तुकडा दिसत होता.

सोमवारी मी वही मॅडमना दाखवली. त्यांनी पेन काढलं आणि प्रत्येक ओळीपुढे अंदाजे आकडा लिहीत गेल्या. दूध पन्नास. बलक तीस. चीज चाळीस. चपाती चाळीस. बांगडा साठ. बिस्किटं चाळीस.

"किती झाले?"

"दोनशे साठ," मी म्हटलं.

"हिला अख्ख्या दिवसाला मी दोनशेच्या आसपास कॅलरी देणार आहे. सगळं धरून. आणि तू सांगितलंस ती वाटी यात धरलेलीच नाही."

मी त्या आकड्याकडे बघत राहिले. दोनशे. मी कॉलेजच्या कँटीनमध्ये एका समोशातच तेवढं खाते आणि तरी भूक लागते. एवढ्यावर एक जीव दिवसभर चालतो, धावतो, डोळे चमकवतो, रागावतो! मॅडम म्हणाल्या, "त्या अर्ध्या चीजचा हिशेब कर. चाळीस म्हणजे तिच्या दिवसाचा पाचवा भाग. तुला कुणी जेवण झाल्यावर, गंमत म्हणून, वर चार चपात्या दिल्या तर?"

मग त्यांनी नियम सांगितला. वरचा खाऊ दिवसाच्या एकूण कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आत. बाकीचे नव्वद टक्के तिच्या स्वतःच्या खाण्यातून, कारण मांजराला लागतं ते सगळं त्यातच असतं. बलकात किंवा चपातीत नसतं. खाऊ द्याल तेवढं जेवणातून कमी करायचं. त्यांनी वजन कमी करायचं नवीन खाणं दिलं आणि ते जुन्यात थोडं थोडं मिसळून आठ-दहा दिवसांत बदलायला सांगितलं. आणखीही बरंच बोलल्या. मी मान हलवत होते. बाहेर एक मोठा कुत्रा भुंकत होता, माझ्यामागे चार लोक होते, आणि मला विचारायचं होतं की थोडं थोडं म्हणजे किती, दहा टक्के म्हणजे नेमकं काय द्यायचं. नाही विचारलं. मला वाटलं, टक्केवारी तर मला येते. मी कॉमर्सला आहे.

घरी येताना मी माझ्याच मनानं ठरवलं की दहा टक्के चांगले, तर शून्य त्याहून चांगलं. आणि आठ-दहा दिवसांत बदलायचं ते उद्या सकाळीच एकदम बदललं तर वजन लवकर उतरेल.

मी पॅसेजमध्ये कागद चिकटवला. मोठ्या अक्षरात: मांजरीला कुणीही काहीही देऊ नये. डॉक्टरांची सूचना.

आता वाटतं, कुणी तरी तो कागद फाडायला हवा होता. कुणी तरी म्हणायला हवं होतं, "जा गं, मोठी आली डॉक्टरीण." पण आमच्या मजल्यावर तसं झालं नाही. दूधवाल्या घरानं वाटी उचलली. समोरच्या मुलीनं चीज स्वतः खाल्लं. काकूंनी त्या दिवशी दार लोटून मासे तळले. "तू शिकलंस, तुका कळता," त्या म्हणाल्या. सात दारं आणि आठवं आमचं. एकानंही माझा शब्द मोडला नाही. माझ्या आयुष्यात एवढं माझं कुणी कधी ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगते, मला ते आवडलं होतं.

मंगळवारी सकाळी पप्पा जेवायला बसले. त्यांनी अंडं सोललं, बलक बाजूला काढला आणि माझ्याकडे पाहिलं.

"नाही, पप्पा."

त्यांनी बलक परत ताटात ठेवला. खाल्ला नाही, नुसता ठेवला. माऊ त्यांच्या गुडघ्याशी बसून त्यांच्या बोटांकडे बघत होती. थोड्या वेळानं ती कॉटखाली गेली.

तिच्या वाटीत नवीन खाणं तसंच होतं. दुपारी तसंच. रात्रीही तसंच. आई म्हणाली, "वास घेते नि तोंड फिरवते." मी म्हटलं, "भूक लागली की खाईल. नखरे आहेत. आठ घरांची सवय."

बुधवारी सकाळीही वाटी भरलेली होती. पप्पा ड्यूटीवरून आले आणि न जेवता कॉटखाली वाकले. त्यांनी हाक मारली. आतून काहीच नाही. ते जमिनीवर आडवे झाले, युनिफॉर्मसकट, आणि तिच्या तोंडाशी बोट नेलं. तिनं चाटलं नाही.

"कागदावर बोटाचं पण आहे का?" त्यांनी मला विचारलं. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच विचारायचं होतं.

मला तेव्हाच फोन करायला हवा होता. माझी सकाळची परीक्षा होती, मी गेले. दुपारी परत आले तेव्हा पप्पा झोपले नव्हते. कॉटशेजारी भिंतीला टेकून बसले होते. आईनं माझ्यासमोर फोन धरला. "लाव. आणि सगळं सांग. तुझं चुकलं ते पण सांग."

मी मॅडमना सांगितलं. "शेवटचं कधी खाल्लं?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी रात्री."

"आत्ता घेऊन ये. आत्ता."

या वेळी पप्पाही आले. रिक्षात पिशवी त्यांच्या मांडीवर होती. त्यांनी एक हात पिशवीत, तिच्या पाठीवर ठेवला होता.

मॅडमनी माऊचे कान आतून बघितले, हिरड्या बघितल्या. पिवळेपणा शोधत होत्या. रक्त घेतलं, सलाईन लावलं, मळमळ थांबायचं आणि भूक लागायचं औषध दिलं. आणि रिपोर्टची वाट बघताना त्यांनी मला समजावलं. माणूस उपाशी राहिला तर रोड होतो. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, तर त्याच्या अंगातली चरबी एकदम सुटून यकृतात साचायला लागते. यकृतच बंद पडू शकतं. मांजर जाड आहे म्हणून त्याला उपास चालेल असं कधीच नसतं. उलट त्यालाच तो सगळ्यात धोक्याचा.

ती सहा किलोची होती म्हणून मला ती भक्कम वाटत होती. आणि ती तेवढ्यामुळेच इतकी नाजूक होती.

रिपोर्ट आला. यकृताचा एक आकडा थोडा वर होता, थोडाच. मॅडमनी कागद पप्पांसमोर धरून तो आकडा बोटानं दाखवला.

"वेळेत आलात. आता हिला खायला लावू." त्यांनी ओल्या खाण्याची एक डबी उघडली, गरम पाण्यात ठेवून कोमट केली आणि पप्पांकडे दिली. "तुमच्या हातून खाते ना? बघा."

पप्पांनी बोटावर मुगाएवढं घेतलं. माऊनं वास घेतला. नाक मागे नेलं. परत पुढे आणलं. आणि मग तिची ती खरखरीत जीभ एकदा फिरली. पप्पांनी डोळे मिटले.

"मॅडम," मी शेवटी म्हटलं, "मला त्या दिवशी समजलं नव्हतं. मी विचारलं नाही. दहा टक्के म्हणजे किती?"

"आता विचारलंस ना," त्या म्हणाल्या. "दहा टक्के म्हणजे शून्य नाही. तेवढी जागा मुद्दाम ठेवलेली असते. दोनशेतले वीस. मीठ, मसाला, कांदा, लसूण काहीही न घालता उकडलेलं चिकन. कातडी नाही, हाड नाही. ते साधारण बारा ग्रॅम बसतं विसात."

बारा ग्रॅमचे मटाराएवढे तुकडे केले तर बारा होतात. त्यांनी ते कागदावर काढून दाखवले, बारा छोटे गोल. बांगडा द्यायचाच तर तळलेला नाही, उकडलेला, काटे काढून, त्याच विसात बसवून. सुकट, सोडे असली सुकी मासळी खारट, ती नको. दूध नको, पुष्कळ मांजरांना ते पचतही नाही. बिस्किटं दिली तर एका बिस्किटाच्या दोन कॅलरी धरायच्या. आणि सगळ्यात सोपं म्हणजे तिच्याच कोरड्या खाण्यातले काही दाणे सकाळी मोजून बाजूला काढायचे आणि तेच खाऊ म्हणून हातानं द्यायचे. "तिला पदार्थ नको असतो बऱ्याचदा," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही तिच्याकडे बघून काहीतरी देताय, हे हवं असतं. त्याऐवजी विंचरलं, दोरी हलवली तरी चालतं."

मी गुरुवारी तो कागद काढला. नवीन चिकटवला नाही. आई म्हणाली, "कागद नको आता. मी बघते."

माऊ नीट खायला लागेपर्यंत आम्ही वजनाचा विचारच केला नाही. दोन आठवडे तसे गेले, जुनं खाणं जास्त, नवीन चिमूटभर. मग मॅडमनी हो म्हटल्यावर आईनं तिचं काम सुरू केलं. ती रोज सकाळी चिकनचा एक तुकडा उकडते, बारीक बारा कापते आणि स्टीलच्या वाटीत घेऊन पॅसेजमध्ये फिरते. प्रत्येक दारात एक तुकडा.

"हा आज तुमचा. कधी द्यायचा ते तुम्ही ठरवा. दुसरं काही नाही."

"एकच?" पहिल्या दिवशी काकू म्हणाल्या. "ह्या काय गो, औषध?"

"तुम्ही एक दिलात की सात घरांचे सात होतात," आई म्हणाली. आई सातवीपर्यंत शिकली आहे. मी वहीत जे पानभर लिहिलं होतं ते तिनं एका वाक्यात सांगितलं. काकूंनी तो तुकडा फ्रीजमध्ये वेगळ्या झाकणात ठेवला, दुपारी बाहेर काढला, हातात धरून गरम केला आणि माऊला बोलावलं. मी बघत होते. बांगड्याचा तुकडा त्या न बघताच टाकायच्या. हा मटाराएवढा तुकडा देताना त्या खाली बसल्या, गुडघा दुखतो तरी. माऊनं तो खाल्ला, पण लगेच निघाली नाही. त्यांच्या साडीवर डोकं घासलं. काकू मला म्हणाल्या, "बघलंस? आता बसता माझ्याकडे."

मला हे अजून नीट कळलेलं नाही. कमी दिल्यावर तिनं जास्त थांबावं, हे कुठल्या हिशेबात बसतं? बहुतेक, पूर्वी आम्ही वाटी ठेवायचो आणि कामाला लागायचो. आता एकच तुकडा आहे म्हणून सगळे हातचं टाकून तिच्याकडे बघतात. समोरची मुलगी तर आपला तुकडा दिल्यावर दहा मिनिटं ओढणीचं टोक हलवत पॅसेजभर पळते. माऊ तिच्यामागे धावते. आधी चार पावलं धावून बसायची.

दर पंधरा दिवसांनी आम्ही वजन करतो. मॅडमनी सांगितलं होतं, आठवड्याला साठ ग्रॅमच्या आसपास उतरलं तर छान, घाई नको. साठ ग्रॅम म्हणजे एक अंडं. चार महिन्यांत काटा पाच किलो पाचशेवर आला. बरगड्या अजून सहज लागत नाहीत, पण जरा दाबलं की लागतात. आहेत. तिथेच होत्या.

सात तुकडे सात घरांचे, पाच पप्पांचे. तशी वाटणी आईनं केली, कुणी हरकत घेतली नाही.

मागच्या आठवड्यात पप्पा नेहमीप्रमाणे खिडकीपाशी जेवत होते. ताटात अंडं होतं, बलकासकट, सगळं त्यांचं. शेजारी वाटीत पाच तुकडे. मी कॉलेजची बॅग भरत होते. माऊ लोखंडी पेटीवर चढली, तिथून खुर्चीच्या पाठीवर, आणि मग तिनं मागचे पाय गोळा केले. आम्ही तिघंही थांबलो. आईच्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो तसाच राहिला.

ती कट्ट्यावर गेली. एका उडीत नाही, पण गेली. बसली, मिठागरांकडे तोंड केलं आणि मान वळवून, शेपटीच्या वरपर्यंत, स्वतःची पाठ चाटायला लागली.

पप्पांनी एक तुकडा उचलला. मग तो नखानं मधून तोडला आणि अर्धा वर धरला.

"अर्धा-अर्धा दिला तर दहा होतील ना गं?" त्यांनी मला विचारलं. "दहा टक्क्यांच्या बाहेर नाही ना जात?"

"नाही, पप्पा," मी म्हटलं. "तेवढेच राहतात."

त्यांनी हात आणखी वर केला.